सवलतीचं कूपन की हातात रोख? दुधाच्या रतिबावरून एक तुलना

सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्याचा पंधरा-वीस कामगारांचा कारखाना आहे. कामगारांच्या घरच्या खाण्यापिण्याला हातभार लावावा, असं मालकाच्या मनात आहे. त्यासाठी त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, डेअरीशी बोलून कामगारांना लिटरमागे २० रुपये सवलतीचं दुधाचं कूपन द्यायचं. दुसरी, तेवढेच पैसे पगारासोबत रोख द्यायचे. कोणती वाट धरावी, हा प्रश्न मला असाच एकदा विचारला गेला होता. त्याचं नेमकं उत्तर अर्थशास्त्राच्या बारावीच्या आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात पडून आहे. समवृत्ती वक्र, अंदाजपत्रक रेषा आणि त्यांचा स्पर्शबिंदू, एवढंच सामान लागतं. मुलं ही आकृती परीक्षेपुरती काढतात आणि विसरतात. मला मात्र ती निर्णयाच्या कामाची वाटते, म्हणून इथे एका कुटुंबाचा हिशोब शेवटपर्यंत करून दाखवतो.

आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण अगदीच अवास्तव नाहीत. कुटुंब दूध आणि फळं या दोन गोष्टींवर महिन्याला २४०० रुपये खर्च करतं. दूध ६० रुपये लिटर. फळं, म्हणजे हंगामात द्राक्षं आणि पेरू, एरवी केळी आणि डाळिंब, सरासरी ८० रुपये किलो धरू.

आलेखावर आडव्या अक्षावर दुधाचे लिटर आणि उभ्या अक्षावर फळांचे किलो मांडा. सगळे पैसे दुधावर घातले तर ४० लिटर दूध येतं, सगळे फळांवर घातले तर ३० किलो फळं. हे दोन बिंदू जोडले की अंदाजपत्रक रेषा तयार होते. या रेषेचा उतार म्हणजे दोन किमतींचं गुणोत्तर, ६० भागिले ८०, म्हणजे ०.७५. एक लिटर दूध जास्त घ्यायचं तर बाजार तुमच्याकडून पाऊण किलो फळं काढून घेतो, असा त्याचा अर्थ. कुटुंबाला काय आवडतं याच्याशी या रेषेचा काही संबंध नाही. ती फक्त खिसा आणि बाजार सांगते.

आवड सांगतो तो समवृत्ती वक्र. दूध आणि फळांच्या ज्या ज्या जोड्या कुटुंबाला सारख्याच पसंत आहेत, त्या सगळ्या एका वक्रावर येतात. वरचा वक्र जास्त पसंतीचा, खालचा कमी. वक्र आरंभबिंदूकडे पोट काढून वाकलेला असतो, कारण घरात दूध भरपूर आणि फळं कमी असतील तेव्हा आणखी एका लिटरसाठी कुणी फारशी फळं सोडत नाही. एका जादा लिटरसाठी कुटुंब जितकी फळं सोडायला राजी असतं, त्याला सीमांत पर्यायता दर म्हणतात, आणि वक्राचा त्या ठिकाणचा उतार म्हणजेच हा दर. रेषेचा उतार हा बाजाराचा दर आणि वक्राचा उतार हा घरचा दर, असे दोन वेगळे दर आहेत, हे लक्षात राहिलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आपल्या कुटुंबासाठी सर्वांत साधी पसंती घेऊ: दुधाचे लिटर गुणिले फळांचे किलो. हा गुणाकार ज्या जोडीचा जास्त, ती जोडी जास्त आवडती. अशा पसंतीत घरचा दर काढणं सोपं असतं, फळांना दुधाने भागायचं. एक इशारा मात्र आत्ताच देतो. हा गुणाकार फक्त क्रम लावतो. ३०० चा ४५० झाला म्हणजे समाधान दीडपट झालं, असं म्हणता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८१ मध्ये हे वक्र प्रथम मांडले तेव्हा समाधान मोजता येतं असं ते मानत होते. पुढे पॅरेटो यांनी मोजमापाची गरजच काढून टाकली, आणि १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन यांनी निव्वळ क्रमावर उभी असलेली मांडणी पूर्ण केली. म्हणून आपणही शेवटी तुलना गुणाकारात करणार नाही, रुपयांत करू.

आता समतोल, म्हणजे कुटुंब शेवटी कोणत्या जोडीवर थांबतं ते. मदत मिळण्याआधी कुटुंब २० लिटर दूध आणि १५ किलो फळं घेतं. खर्च बरोबर २४०० रुपये. घरचा दर १५ भागिले २० म्हणजे ०.७५, बाजाराचा दरही ०.७५. रेषा वक्राला फक्त टेकते, कापत नाही. हीच स्पर्शाची अट. ती का लागते हे पाहायचं असेल तर रेषेवरचा दुसरा एखादा बिंदू घ्या, समजा १२ लिटर दूध आणि २१ किलो फळं. खर्च तोच २४०० रुपये. पण इथे घरचा दर १.७५ आहे. एका लिटरसाठी कुटुंब पावणेदोन किलो फळं सोडायला तयार आहे आणि बाजार मागतो फक्त पाऊण किलो. साहजिकच ते फळं कमी करून दूध वाढवत जाईल, आणि दोन्ही दर एक होईपर्यंत थांबणार नाही.

आता कूपन आणू. लिटरमागे २० रुपये सवलत, हवं तितकं दूध घ्या. कुटुंबापुरतं दूध ४० रुपये लिटर झालं. फळांच्या अक्षावरचं टोक ३० किलोवरच राहतं, कारण सगळे पैसे फळांवर घातले तर कूपनाचा काहीच उपयोग नाही. दुधाच्या अक्षावरचं टोक ४० वरून ६० लिटरवर जातं. म्हणजे रेषा वरच्या टोकाभोवती फिरते. विद्यार्थी इथे हमखास चुकतात आणि रेषा समांतर सरकवतात. समांतर सरकणं हे उत्पन्न वाढल्याचं लक्षण आहे. किंमत उतरली की रेषा फिरते आणि तिचा उतार बदलतो. आपल्या आकड्यांत तो ०.७५ वरून ०.५ झाला.

नव्या रेषेवर स्पर्शबिंदू शोधला तर ३० लिटर दूध आणि १५ किलो फळं येतात. घरचा दर १५ भागिले ३०, म्हणजे ०.५. अट पुरी झाली. दूध १० लिटरने वाढलं. फळं जागच्या जागी राहिली, पण हा आपण निवडलेल्या पसंतीचा गुण आहे. दुसऱ्या कुटुंबात ती वाढतील किंवा घटतीलही.

हे १० लिटर कुठून आले? किंमत उतरली की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. दूध फळांच्या मानाने स्वस्त होतं, आणि कुटुंब एकूणच थोडं सधन होतं. दोन्ही वेगळ्या करायच्या तर स्लुट्स्की यांची १९१५ ची पद्धत हिशोबाला सोपी आहे. जुनी खरेदी, २० लिटर आणि १५ किलो, नव्या किमतीला २००० रुपयांत येते. म्हणून कुटुंबाकडून ४०० रुपये मनातल्या मनात काढून घ्या. दूध ४० रुपयांचं, पण हातात २००० च रुपये, अशा स्थितीत ते २५ लिटर घेईल. हे पहिले ५ लिटर निव्वळ दूध तुलनेने स्वस्त झालं म्हणून आले, हा पर्यायता परिणाम. मग ४०० रुपये परत द्या, आणखी ५ लिटर वाढतील, हा उत्पन्न परिणाम. हिक्स यांच्या पद्धतीत जुनी खरेदी परवडेल एवढे पैसे न ठेवता कुटुंबाला जुन्या वक्रावर परत आणतात. तसं केलं तर मधला थांबा साधारण साडेचोवीस लिटरवर येतो. फरक किरकोळ आहे. अशा व्यावहारिक निर्णयाला मी स्लुट्स्कीच वापरतो, कारण त्याला फक्त किमती आणि जुनी खरेदी लागते. वक्र कुणाच्या घरी लिहून ठेवलेला नसतो.

मालकाचा पहिला अंदाज याच ४०० रुपयांपाशी चुकतो. तो म्हणतो, घरटी २० लिटर दूध लागतं, लिटरला २० रुपये, म्हणजे घरामागे ४०० रुपये खर्च. पण कूपन दिल्यावर कुटुंब २० लिटरवर थांबत नाही, ३० घेतं. डेअरीचं बिल येतं घरामागे ६०० रुपये. अंदाजापेक्षा दीडपट. सवलतीच्या कुठल्याही योजनेचा खर्च जुन्या खपावर काढला की तो असाच कमी दिसतो. तुलनाही याच ठिकाणी बिघडते. ४०० रुपये रोख आणि ६०० रुपयांचं कूपन शेजारी ठेवलं तर कूपन सरस दिसणारच. तुलना सारख्या खर्चाचीच केली पाहिजे.

तर मग ६०० रुपये रोख देऊ. दूध बाजारभावाने ६० रुपयेच, पण खर्चायला ३००० रुपये. रेषा आता समांतर वर सरकते. आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट इथे दिसते. ३० लिटर आणि १५ किलो ही कूपनवाली खरेदी बाजारभावाने किती रुपयांची? १८०० अधिक १२००, बरोबर ३०००. म्हणजे रोख रकमेची रेषा कूपनाच्या स्पर्शबिंदूतूनच जाते. रोख घेतलेल्या कुटुंबाला कूपनवाली खरेदी जशीच्या तशी करता येते. मग ते तशी करेल का?

करणार नाही. त्या बिंदूवर घरचा दर ०.५ आहे आणि बाजाराचा ०.७५. रेषा वक्राला टेकण्याऐवजी कापते, आणि जिथे ती कापते तिथून एका बाजूला वरच्या वक्रावर जायला वाट असतेच. कुटुंब ५ लिटर दूध कमी करतं, त्यातून ३०० रुपये सुटतात, त्यांची पावणेचार किलो फळं येतात. नवा स्पर्शबिंदू २५ लिटर आणि १८.७५ किलो. कूपनाइतकंच समाधान २५ लिटर दुधासोबत मिळवायला १८ किलो फळं पुरली असती. वर उरलेली पाऊण किलो फळं म्हणजे ६० रुपये. हाच हिशोब उलट बाजूने, कूपनाइतकं समाधान द्यायला कमीत कमी किती रोख लागते असा केला, तर उत्तर येतं साधारण ५४० रुपये. मालक घरामागे ६०० खर्चतो आणि कुटुंबाला ते ५४० रुपयांसारखे वाटतात. मधले ६० रुपये कुणाच्याच पदरात पडत नाहीत. डेअरीला तिच्या दुधाचा पुरता दाम मिळाला, पण शेवटचे काही लिटर अशा घरात गेले जिथे त्यांची किंमत ६० रुपयांपेक्षा कमी होती. तिसाव्या लिटरसाठी हे कुटुंब फक्त अर्धा किलो फळं, म्हणजे ४० रुपयांचा माल सोडायला तयार होतं.

दुधाच्या बाजूने पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. त्याच ६०० रुपयांत कूपन ३० लिटर दूध घरात आणतं, रोख २५. हा ५ लिटरचा फरक म्हणजे निव्वळ पर्यायता परिणाम. रोख रकमेत फक्त उत्पन्न परिणाम असतो, कूपनात दोन्ही. त्यामुळे दोघांतून निवडण्याआधी मालकाने स्वतःला विचारायला हवं, की मला काय हवंय, कुटुंबाचं समाधान की मुलांच्या पेल्यात दूध? कुटुंबाला आपलं हित कळतं, असं मानत असाल तर रोख द्या. पण कामगाराच्या हाती आलेली रोख घरापर्यंत पोचेलच असं नसतं, आणि मुलांच्या वाढीचा प्रश्न असेल तर घरच्या कर्त्याची पसंती हा एकच निकष धरणं मलाही पटत नाही. आलेखावर एक वक्र काढताना आपण गृहीत धरतो की सगळं घर एका मनाने निवडतंय. आईचा वक्र वेगळा असू शकतो.

तिसरी वाट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि मला ती सर्वांत जास्त आवडते. कूपनाला मर्यादा घालायची. पण किती लिटरची, यावर सगळं अवलंबून आहे.

समजा मर्यादा १५ लिटरची ठेवली. कुटुंब आधीच २० लिटर घेत होतं. पहिले १५ लिटर ४० रुपयांनी, पुढचे ६० रुपयांनी. अंदाजपत्रक रेषेला १५ लिटरवर कोपरा पडतो, डावीकडे उतार ०.५, उजवीकडे ०.७५. कुटुंब कोपऱ्याच्या उजवीकडेच राहतं, आणि तिथे तर दूध बाजारभावानेच मिळतं. म्हणून हे कूपन ३०० रुपये रोख दिल्यासारखंच काम करतं, कुटुंब दोन्ही परिस्थितींत साडेबावीस लिटर घेतं. कूपन छापण्याचा आणि डेअरीशी हिशोब ठेवण्याचा खटाटोप फुकट गेला. रेशनच्या धान्याचंही बऱ्याच घरांत असंच होतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, पण जी घरं त्याहून जास्त धान्य खातात आणि उरलेलं दुकानातून घेतात, त्यांच्या शेवटच्या किलोचा भाव बाजाराचाच असतो. तिथे धान्यवाटप आणि रोख मदत यांच्यात, निदान या आलेखावर, फरक उरत नाही.

आता मर्यादा २५ लिटर करू, म्हणजे नेहमीच्या खपापेक्षा थोडी वर. सवलतीच्या भावाने कुटुंबाला ३० लिटर हवे असतात, पण २५ नंतर भाव ६० होतो. आणि ६० रुपये मोजून २५ च्या पुढे जायची इच्छा नसते, कारण ५०० रुपयांची मदत धरून बाजारभावाने ते जेमतेम २४ लिटर घेतलं असतं. मग कुटुंब थेट कोपऱ्यावर थांबतं: २५ लिटर दूध आणि १७.५ किलो फळं. इथे स्पर्शाची अट नेहमीच्या रूपात पुरी होतच नाही. घरचा दर ०.७ आहे, आणि रेषेचा उतार एका बाजूला ०.५, दुसऱ्या बाजूला ०.७५. घरचा दर दोन्हींच्या मध्ये आहे, एवढंच पुरतं. परीक्षेत पाठ केलेलं ‘दोन्ही उतार समान’ हे वाक्य वक्र आणि रेषा दोन्ही गुळगुळीत असतील आणि बिंदू अक्षावर चढलेला नसेल, तेव्हाच लागू पडतं. ज्या घरात कुणी दूधच पीत नाही, त्या घराचा समतोल फळांच्या अक्षावर असतो. तिथेही स्पर्श नसतो, आणि दुधाचं कूपन त्या घराला काहीच देत नाही.

चारही परिस्थिती शेजारी ठेवून पाहा. शेवटचा स्तंभ म्हणजे तेवढंच समाधान द्यायला किती रोख पुरली असती, तो आकडा.

| परिस्थिती | दूध (लिटर) | फळं (किलो) | मालकाचा खर्च (रु.) | कुटुंबाच्या लेखी (रु.) |
|---|---|---|---|---|
| मदतीआधी | २० | १५ | ० | ० |
| अमर्याद कूपन | ३० | १५ | ६०० | सुमारे ५४० |
| रोख | २५ | १८.७५ | ६०० | ६०० |
| २५ लिटरचं कूपन | २५ | १७.५ | ५०० | सुमारे ४९८ |

शेवटची ओळ नीट वाचा. २५ लिटरच्या कूपनाने घरात तितकंच दूध आलं जितकं ६०० रुपये रोख देऊन आलं असतं, आणि खर्च झाले ५००. वाया गेले जेमतेम दोन रुपये. अमर्याद कूपनात ६० रुपये वाया जाण्याचं कारण म्हणजे पंचविसाव्या लिटरनंतरचे लिटर. तिथे घरचा दर बाजारापासून झपाट्याने दूर जातो. मर्यादा घातली की ते लिटर गळतात.

म्हणून माझं मत असं. घराची मर्जी हाच निकष असेल तर रोख. दूधच वाढवायचं असेल तर मर्यादित कूपन, आणि मर्यादा घराच्या सध्याच्या रतिबापेक्षा चार-पाच लिटर वर. अमर्याद कूपन मी कुणालाच सुचवणार नाही. ३० लिटरच दूध हवं असा हट्ट असेल तरच त्याला अर्थ आहे. शिवाय अमर्याद कूपनाला आणखी एक धोका चिकटलेला असतो. ४० रुपयांचं दूध शेजाऱ्याला ५५ ला देता येतं, आणि मग कुटुंबाचा स्पर्शबिंदू, मालकाचा अंदाज, काहीच खरं राहत नाही. महिन्याचा हिशोब आला आणि एखाद्या घरात चार माणसांना साठ लिटर दूध लागलेलं दिसलं, तर ते दूध बाहेर जातंय असं समजा.

हे सगळं दूध आणि फळं यांची थोडीफार अदलाबदल होते, या गृहीतावर उभं आहे. ज्या वस्तू ठरलेल्या प्रमाणातच लागतात, त्यांचा वक्र काटकोनी असतो. त्यांच्याबाबत पर्यायता परिणाम शून्य, आणि कूपन आणि रोख यांच्यात काहीच फरक नाही. याउलट, कूपन एकाच डेअरीच्या पिशवीला लागू केलं आणि गिऱ्हाइकाला दोन डेअऱ्यांचं दूध सारखंच वाटत असेल, तर वक्र जवळजवळ सरळ रेषा होतो. सगळा रतीब एका रात्रीत त्या डेअरीकडे वळेल. आकडा मोठा दिसेल, पण घरात दूध वाढलं का हे त्यातून कळणार नाही. म्हणून कूपनाचा परिणाम पाहताना एका डेअरीची विक्री पाहू नये, घरात एकूण किती दूध आलं ते पाहावं.

आणि वस्तू कोणती, यानेही फरक पडतो. दूध हे कामगारांच्या घरात पैसे वाढले की वाढणारं आहे, त्यामुळे दोन्ही परिणाम एकाच दिशेने काम करतात. पण पैसे वाढल्यावर ज्याचा खप घटतो, अशा कनिष्ठ वस्तूवर सवलत दिली तर उत्पन्न परिणाम उलटा खेचतो. रॉबर्ट जेन्सन आणि नोलान मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतात गरीब घरांना तांदळावर सवलतीची कूपनं दिली, आणि तिथे तांदळाचा खप कमी झाला, असं त्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. भातावर पोट भरणाऱ्या घरांना थोडी मोकळीक मिळाली, तसं त्यांनी ताटात इतर पदार्थ वाढवले. त्यांचं काही बिघडलं नाही. पण जो कूपन देऊन तांदूळ वाढवायला निघाला असेल, त्याचा हेतू फसला. आपल्याकडे कुणी सर्वांत स्वस्त धान्यावर असं कूपन द्यायचं ठरवत असेल, तर आधी विचारून घ्यावं: पगार वाढला तर हे धान्य तुम्ही जास्त आणाल की कमी?

मर्यादा ठरवायला लागते ती माहितीही अशीच साधी आहे. घरोघरी आजचा रतीब किती, हे विचारा. चार माणसांच्या घरात २० लिटर असेल आणि दोघांच्या घरात १०, तर दोघांना एकच २५ लिटरचं कूपन देऊ नका. दुसऱ्या घरासाठी ते अमर्यादच ठरेल. एक-दोन महिन्यांनी हिशोब पाहा. बहुतेक घरं नेमक्या मर्यादेवर थांबली असतील आणि वरून बाजारभावाने काही घेत नसतील, तर कोपरा योग्य जागी बसला आहे. बहुतेक जण मर्यादेच्या पुढे ६० रुपयांनी दूध घेत असतील, तर तुमचं कूपन रोख मदतच होऊन बसलं आहे. आणि मर्यादेपर्यंत कुणीच पोचत नसेल, तर ते अमर्याद कूपनासारखं चाललं आहे.

दुधाचा भाव बदलला तर काय, हा प्रश्न मालक शेवटी विचारतोच, कारण उन्हाळ्यात भाव चढतो. समजा भाव ६६ झाला. ६०० रुपये रोख घेतलेलं कुटुंब २५ वरून साधारण पावणेतेवीस लिटरवर येतं. २५ लिटरचं, लिटरमागे २० रुपयांचं कूपन असलेलं कुटुंब मात्र २५ वरच राहतं. फळं साडेसतराऐवजी साडेपंधरा किलोच्या आसपास घेतं, दुधाला हात लावत नाही. कोपऱ्यावर बसलेल्या घराचा दर दोन उतारांच्या मध्ये असतो, आणि भाव थोडा हलला तरी तो मध्येच राहतो. या कुटुंबासाठी दुधाचा भाव ५८ ते ६८ रुपयांच्या दरम्यान कुठेही असला, तरी घरात २५ लिटरच दूध येईल, आणि मालकाचा खर्चही घरामागे ५०० रुपयेच राहील. भाव ६८ च्या वर गेला की मगच दूध कमी व्हायला लागतं. तेव्हा सवलत वाढवायची की मर्यादा खाली आणायची, याचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.